धूसर तोरणा: शार्पन करून करून दमलो, फोटो काही उघडेना

माचीवरचा · 16 मार्च, रात्री 10:42

मंडळी, गेल्या रविवारी राजगडावर होतो. संजीवनी माचीच्या टोकाला बसून दुपारी चारच्या सुमाराला तोरण्याचे फोटो काढले. डोळ्यांना तोरणा बरा दिसत होता, कड्यांवरच्या आडव्या पट्ट्यासुद्धा मोजता येत होत्या. घरी येऊन स्क्रीनवर पाहिलं तर सगळं दूध सांडल्यासारखं. पुढचा बुरूज ठीक आहे, मधली डोंगराची सोंड निळसर राखाडी, आणि तोरणा म्हणजे आकाशावर पेन्सिलीने काढून खोडलेली आकृती.

कॅमेरा साधाच, 135 मि.मी., एफ 8, 1/500, आयएसओ 100. ट्रायपॉड नव्हता, पण बुरुजाच्या दगडावर कॅमेरा टेकवला होता, म्हणून हललाय असं वाटत नाही. रॉ ठेवायचं विसरलो, फक्त जेपेग आहे. (माहितीये. बोला.)

गिंपमध्ये अनशार्प मास्क लावला. आधी अर्धा, मग एक, मग अडीच. तोरण्याच्या माथ्यावर खडूने गिरवल्यासारखी पांढरी रेघ उमटली, आकाशात वाळू पसरली, पण कडा काही पुढे येईना. आणखी किती शार्पन करू? की लेन्सच बाद आहे?

सरळसोट · 16 मार्च, रात्री 11:05

लेन्सला काही झालेलं नाही. लाइटरूममध्ये डीहेझचा स्लायडर असतो, तो +60 ला न्या आणि झोपा. तो स्लायडर म्हणजे कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन एकत्र बांधलेलं गाठोडं आहे, दुसरं काही नाही. आणि पुढच्या वेळी लेन्सवर यूव्ही फिल्टर लावून जा, धुकं तिथेच अडतं.

तांबडाचहा · 16 मार्च, रात्री 11:20

मी तर फोनवरच करतो. स्नॅपसीडमध्ये डिटेल्स, मग स्ट्रक्चर +40. मित्रांना दाखवण्यापुरतं भारी दिसतं.

माचीवरचा · 17 मार्च, सकाळी 8:15

@सरळसोट, माझ्याकडे लाइटरूम नाही, पण मित्राच्या लॅपटॉपवर +60 करून पाहिलं. तोरणा थोडा उघडला हे खरं. पण पुढचा बुरूज डांबर फासल्यासारखा काळा झाला, आकाश वरून गडद निळं आणि खाली पिवळट झालं, चारही कोपरे काळवंडले. शिवाय आकाशात तीन गोल डाग दिसायला लागले, ते आधी नव्हते!

अंधारखोली · 17 मार्च, सकाळी 10:30

डाग आधीही होते. सेन्सरवरची धूळ आहे ती, धूसर फोटोत लपली होती. कोपऱ्यांचा काळेपणाही लेन्सचा मूळचाच, डीहेझने फक्त तो चढवून दाखवला. धुळीचे डाग आधी पुसून घ्या, नाहीतर पुढे जे काही कराल त्यात ते जास्त उठून दिसतील.

आता मूळ गोष्ट. तुम्ही चुकीच्या आजारावर औषध देताय. फोटोत तपशील कमी नाही, प्रकाश जास्त आहे. तुमच्या आणि तोरण्याच्या मध्ये हवेतून सातेक किलोमीटर अंतर आहे. त्या सगळ्या हवेत धूळ, बाष्प आणि मार्च असल्यामुळे वणव्यांचा धूर. ऊन त्यावर पडतं आणि विखरून थेट तुमच्या लेन्समध्ये येतं. हा प्रकाश तोरण्यावरून आलेला नाही, वाटेत मिसळलेला आहे. दुपारी चारला पश्चिमेकडे पाहत होतात, म्हणजे ऊन समोरून. धूळ प्रकाश पुढच्या दिशेला जास्त फेकते, त्यामुळे समोरच्या उन्हात पडदा सगळ्यात दाट दिसतो. तोच तोरणा सकाळी आठला, सूर्य पाठीशी असताना, बराच स्वच्छ आला असता.

कपात गाळ नाही, दूध जास्त झालंय. शार्पनिंग म्हणजे चमच्याने ढवळणं. त्याने दूध कमी होत नाही.

शार्पनिंग काय करतं, तर शेजारशेजारच्या एक-दोन पिक्सेलांमधला फरक वाढवतं. तुमच्या कड्यावर काळ्या पट्टीत आणि उजळ पट्टीत मुळात फरकच थोडा उरलाय, आणि त्या पट्ट्या एक-दोन नाही तर तीस-चाळीस पिक्सेल जाड आहेत. तिथे ते पोहोचतच नाही. पोहोचतं कुठे, तर माथ्याच्या धारेवर आणि आकाशातल्या नॉइजवर. तुमची खडूची रेघ आणि वाळू तिथून आली.

एक काम करा. गिंपमध्ये फोटो उघडा, फक्त तोरण्याच्या कड्याभोवती लॅसोने निवड करा आणि हिस्टोग्राम बघा. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा इथे टाका. बुरुजाचाही टाका.

शेवंती · 17 मार्च, दुपारी 1:10

हा धागा बघून फार बरं वाटलं, कारण मलाही हेच विचारायचं होतं. माझ्या माहेरच्या अल्बममधले 1984 सालचे रंगीत फोटो स्कॅन केले आहेत. सगळे धूसर आणि लालसर झालेत. आजीचं नऊवारी हिरवं होतं ते चॉकलेटी दिसतंय. तर यावरही हे डीहेझ लावायचं का? भाच्याने शार्पन केलं तर आजीच्या चेहऱ्यावर कागदाचे दाणे आले, अगदी देवी आल्यासारखे.

सरळसोट · 17 मार्च, दुपारी 1:32

ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा.

अंधारखोली · 17 मार्च, दुपारी 2:00

असू दे हो, उत्तर जवळचंच आहे. शेवंतीताई, डीहेझ लावू नका. डोंगराच्या फोटोत पडदा अंतरागणिक वाढत जातो. तुमच्या प्रिंटमध्ये जवळची आजी आणि मागची भिंत दोन्ही सारख्याच फिक्या पडल्यात, कारण फिकं पडलंय ते कागदावरचं. त्या काळच्या रंगीत कागदातला निळा-हिरवट रंगद्रव्याचा थर अल्बमच्या अंधारातसुद्धा आधी उडतो, म्हणून राहिलेलं चित्र लाल दिसतं. लेव्हल्स उघडा, वर लाल निवडा आणि डावीकडचा काळा त्रिकोण आलेखाचा डोंगर सुरू होतो तिथपर्यंत सरकवा. उजवीकडचा पांढरा त्रिकोण आलेख संपतो तिथे. मग हिरवा, मग निळा, तसंच. अख्ख्या फोटोला एकदाच. शार्पनिंग अजिबात नको, स्कॅनमध्ये कागदाचा पोतच आधी धारदार होतो.

माचीवरचा · 17 मार्च, रात्री 9:50

काका, आकडे घेतले. थोडे इकडेतिकडे पिक्सेल सोडून दिले, मुख्य घोळका कुठे आहे तेवढं बघितलं.

बुरूज: तिन्ही रंगांत 12 पासून 230 पर्यंत पसरलेला.

तोरण्याचा कडा: लाल 128 ते 165, हिरवा 139 ते 172, निळा 152 ते 181.

त्याच्या वरचं आकाश साधारण 205, 212, 218.

म्हणजे तोरण्यावरची सगळ्यात काळी घळसुद्धा 128 च्या खाली नाही? 255 पैकी? मी तिला काळी समजत होतो.

अंधारखोली · 17 मार्च, रात्री 10:40

हेच बघायचं होतं. त्या घळीच्या सावलीत खरं तर जवळजवळ काहीच उजेड नसणार. जवळ जाऊन काढलीत तर ती वीस-पंचविसावर बसेल. इथे 128 आहे, म्हणजे त्यातला शंभराहून जास्त वाटा हवेचा. आणि निळ्यात बघा, 152. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो म्हणून निळा पडदा लालपेक्षा जाड. तुमचा तोरणा निळसर का दिसतो त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

उलट फरक बघा. लालमध्ये 37 पायऱ्या उरल्यात, निळ्यात 29. एवढ्यातच सगळा कडा, सगळ्या पट्ट्या, सगळं गवत.

मग करायचं काय, तर मिसळलेला प्रकाश आधी वजा करायचा, मग जे उरेल ते ताणायचं. लेव्हल्समधला काळा त्रिकोण हे दोन्ही एका हालचालीत करतो. पण तो सगळ्या फोटोला लावलात तर बुरूज मेला, कारण त्याचं काळं 12 वर आहे. म्हणून प्रत्येक अंतराला वेगळा हात.

1. आकाशाच्या डागांवर हील टूल फिरवा.
2. लेयरची प्रत काढा. त्या प्रतीवर `Colors > Levels`. लाल: काळा 110, पांढरा 225. हिरवा: काळा 119, पांढरा 225. निळा: काळा 130, पांढरा 225. बुरूज आत्ता भयानक दिसेल, दुर्लक्ष करा.
3. त्या प्रतीला काळा लेयर मास्क जोडा. म्हणजे सगळं झाकलं गेलं. आता पांढऱ्या मऊ ब्रशने फक्त तोरण्यावर रंगवा.
4. मधल्या सोंडेसाठी आणखी एक प्रत, तिचे आकडे तिच्याच हिस्टोग्रामवरून काढा. ती दोन-तीन किलोमीटरवर आहे, तिचा पडदा पातळ असणार.
5. बुरुजाला हात लावू नका.

काळा 128 न ठेवता 110 का, असं विचाराल. कारण पूर्ण पडदा काढलात की डोंगर अंगावर येतो. दूरचं दूर आहे हे डोळ्याला पडद्यामुळेच कळतं. थोडा राहू द्या. त्याच कारणाने निळ्याचा त्रिकोणही पूर्ण नेला नाही, किंचित निळी झाक राहील.

नांदेडहून · 17 मार्च, रात्री 11:15

अंधारखोलींशी सहमत, फक्त सरळसोट यांच्या गाठोड्याबद्दल थोडं. डीहेझ म्हणजे नुसता कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन नाही. अशा बऱ्याच साधनांच्या मुळाशी 2009 मध्ये काइमिंग हे, जियान सुन आणि शियाओऊ तांग यांनी मांडलेला विचार आहे. त्यांचं निरीक्षण असं की स्वच्छ हवेतल्या बाहेरच्या फोटोत, आकाश सोडून, कुठलाही छोटा तुकडा घेतला तर त्यात कुठला तरी एक रंग जवळजवळ शून्यावर असतोच. सावली असते, गडद पान असतं, किंवा एखादा भडक रंग असतो. तुकड्यातला सगळ्यात कमी आकडा शून्याच्या बराच वर असेल, तर तेवढं धुकं तिथे आहे असं धरायचं. म्हणजे काकांनी हाताने जे केलं, तेच यंत्र तुकड्यातुकड्याला करतं आणि अंतराचा अंदाज स्वतःच बांधतं.

आकाशात हा नियम लागू पडत नाही. तिथे सावलीच नाही, सगळे आकडे मुळातच मोठे. यंत्राला वाटतं इथे धुकंच धुकं, आणि ते आकाश ओरबाडायला लागतं. पांढरी भिंत, चुन्याचं देऊळ, बर्फ, सगळीकडे हीच फसगत.

मी डार्कटेबल वापरतो. त्यात `haze removal` नावाचं मॉड्यूल आहे, `strength` आणि `distance` असे दोनच स्लायडर. मी `strength` कमी ठेवतो आणि मास्क लावून आकाश व जवळचा भाग वगळतो. हाताने लेव्हल्स करण्यापेक्षा वेळ वाचतो. फुकट आहे, करून बघा.

सरळसोट · 18 मार्च, सकाळी 9:00

बरं, गाठोडं म्हणालो ते मागे घेतो. पण निकाल डोळ्यांना तसाच दिसतो की नाही? दहा सेकंदांत +60 आणि काम झालं, तिथे तीन लेयर कशाला? लग्नाचे आठशे फोटो असते तर हे करत बसला असतात का?

अंधारखोली · 18 मार्च, सकाळी 9:20

लग्नाच्या हॉलमध्ये सात किलोमीटर हवा नसते हो.

यूव्ही फिल्टरचं राहिलं. फिल्मच्या काळात त्याला अर्थ होता, फिल्मला अतिनील दिसायचं. डिजिटल सेन्सरच्या पुढे ते अडवणारी काच आधीच बसवलेली असते, त्यामुळे फिल्टर आता लेन्सचं चिलखत म्हणूनच उरला. आणि काच मळकी असेल तर समोरच्या उन्हात तोच आणखी एक पडदा पाडतो. पोलरायझर मात्र कामाचा. हवेत विखुरलेला प्रकाश सूर्यापासून काटकोनात सगळ्यात जास्त ध्रुवित असतो, तो फिरवून कापता येतो. पण माचीवरचा यांच्यासमोर सूर्य होता. तिथे पोलरायझर फारसं काही करणार नाही. धुळीचा जाड पडदा असेल तर तसाही कमीच करतो.

तांबडाचहा · 18 मार्च, दुपारी 12:45

मग माझं स्ट्रक्चर कुठल्या खात्यात? ते पण शार्पनिंगच का?

अंधारखोली · 18 मार्च, दुपारी 3:10

मधल्या खात्यात. शार्पनिंग एक-दोन पिक्सेलांवर चालतं, लेव्हल्स अख्ख्या निवडीवर. स्ट्रक्चर, क्लॅरिटी, लोकल कॉन्ट्रास्ट ही मंडळी दोन्हींच्या मधली, कड्यावरच्या पट्टीएवढ्या जाडीचा फरक वाढवणारी. गंमत म्हणजे गिंपच्या त्याच अनशार्प मास्कने हेही जमतं. `Radius` 50 आणि `Amount` 0.2 ठेवा. माचीवरचा यांनी अडीच लावून जे मिळवलं नाही ते यात 0.2 मध्ये दिसेल.

पण हे पडदा काढल्यानंतर. आधी केलंत तर काळा बिंदू जिथल्या तिथे राहतो, म्हणून चित्र धूसर ते धूसरच, वर खरबरीत. आणि माथ्यावर लक्ष ठेवा. 50 पिक्सेलांची त्रिज्या म्हणजे तोरण्याच्या डोक्याभोवती तेवढ्याच रुंदीचा उजळ पट्टा यायची शक्यता. खडूची रेघ निदान दिसते तरी. हा पट्टा अलगद येतो, गणपतीमागच्या प्रभावळीसारखा, आणि करणाऱ्याला दिसत नाही. फोटो अंगठ्याएवढा लहान करून बघा, लगेच कळतं.

आमच्या वेळी यासाठी वेगळं काही नव्हतं. नरम निगेटिव्ह आली की कडक कागद, चार नंबरचा. दूरचा डोंगर जास्त एक्स्पोज करायचा, पुढचा भाग तळहाताने झाकून हात हलवत राहायचा. हात थांबला की कागदावर कड उमटायची. तुमचा मऊ ब्रश म्हणजे तोच हलता हात. कृष्णधवल असेल तर लेन्सवर लाल फिल्टर, निळा पडदा निम्मा तिथेच गळायचा. माचीवरचा, तुमचा फोटो कृष्णधवल चालणार असेल तर नुसता लाल चॅनल घेऊन बघा. आकड्यांवरून तिथे चित्र सगळ्यात शाबूत आहे.

माचीवरचा · 18 मार्च, रात्री 11:58

केलं! जेवण झाल्यावर बसलो ते आत्ता उठतोय.

लेव्हल्सनंतर तोरणा पुन्हा मोजला. घळ आता साधारण 40, 48, 59 आणि उजळ पट्टी 122, 127, 137. म्हणजे लालमधल्या 37 पायऱ्या 82 झाल्या. कडा अक्षरशः पुढे आला. उजवीकडे एक वाट दिसते, ती मी फोटो काढताना पाहिलीसुद्धा नव्हती.

मधल्या सोंडेला आकडे काढले, तिचं काळं लालमध्ये 70 वर होतं. तिथे काळा 55 ठेवला. मग शेवटी त्रिज्या 50 चं 0.2, फक्त तोरण्यावर आणि सोंडेवर. आणि अगदी शेवटी, मोठ्या आकारावर नाही तर 1600 पिक्सेलांना लहान केल्यावर, नेहमीचं शार्पनिंग, `Amount` 0.3. रेघ नाही, वाळू नाही.

तीन भानगडी मात्र राहिल्या.

पहिली, मास्कची कड. सोंड आणि तोरणा जिथे भेटतात तिथे ब्रश थोडा सोंडेवर गेला आणि तिथे काळा डाग पडला, जणू ढगाची सावली. ते पुसलं, पण दोन तास त्यातच गेले.

दुसरी, तोरण्याच्या डाव्या उतारावर गवत आहे, एकसंध. तिथे आता जिन्यासारखे पट्टे दिसतात, आणि नीट पाहिलं तर चौकोनी ठोकळे.

तिसरी, 100 टक्क्यांवर माथ्याची धार लाटालाटांची दिसते. सरळ कडा वितळल्यासारखा. हे माझ्यामुळे झालंय का?

नांदेडहून · 19 मार्च, सकाळी 7:40

दुसरी भानगड जेपेगची. निळ्यातल्या 29 पायऱ्या तुम्ही अडीचपटीहून जास्त ताणल्या, मध्ये भोकं पडणारच. खडकावर पोत असल्याने ती दिसत नाहीत, एकसंध गवतावर आणि आकाशात दिसतात. ठोकळे म्हणजे जेपेगचे 8 बाय 8 चे चौकोन, आधी पडद्याआड होते. त्या उतारावर मास्क थोडा राखाडी करा, म्हणजे परिणाम निम्मा. वर अगदी हलका नॉइज टाकलात तर जिने मोडतात. रॉ असता तर 12 किंवा 14 बिट मिळाले असते, ही वेळच आली नसती. (बोला म्हणालात म्हणून बोललो.)

आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोवर हा प्रयोग कोणी करू नये. त्यात ठोकळ्यांशिवाय काही उरत नाही.

अंधारखोली · 19 मार्च, सकाळी 10:15

तिसरी तुमच्यामुळे नाही. दरीतून तापलेली हवा वर येत होती, तिच्यातून प्रकाश वाकडातिकडा होऊन आला. डांबरी रस्त्यावर उन्हात मृगजळ दिसतं, त्याचाच भाऊ. पडदा वजा करता येतो, ही लाट वजा करता येत नाही. शार्पनिंगने ती आणखी ठसठशीत होईल. फोटो लहान आकारात वापरा, किंवा पुन्हा जा आणि ऊन चढायच्या आत काढा.

तांबडाचहा · 19 मार्च, दुपारी 1:25

फोनवर जमवलं! स्नॅपसीडमध्ये कर्व्ह्ज घेतलं, लाल-हिरवा-निळा वेगळा करता येतो. डावीकडचा खालचा ठिपका आत ओढला, निळ्यात सगळ्यात जास्त. मग व्ह्यू एडिट्समध्ये जाऊन त्याच बदलावर ब्रश घेतला आणि फक्त दूरच्या डोंगरावर बोटाने घासलं. कळसूबाईवरून काढलेला अलंग-मदनचा फोटो होता, दोन वर्षं पडून होता. आकडे बिकडे दिसत नाहीत, अंदाजपंचे केलं. पण स्ट्रक्चर +40 शेजारी ठेवून बघितलं तर ते आता कोरड्या सालीसारखं वाटतंय.

आधी मात्र एक गाढवपणा. अर्धे फोटो सगळीकडेच धूसर होते, जवळचा मित्र सुद्धा. नंतर कळलं की लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा होता.

सरळसोट · 19 मार्च, दुपारी 2:05

हाहा. त्याला डीहेझ कुठलं, शर्टाचं टोक.

माचीवरचा, तुमचा नवा फोटो पाहिला. मेहनत दिसते. पण खरं सांगू? मला पहिलाच जास्त आवडला. मार्चमध्ये तोरणा असाच दिसतो. तुम्ही त्याला ऑक्टोबरचा करून टाकलात. गवत पिवळं आणि हवा ऑक्टोबरची, हे जुळत नाही.

माचीवरचा · 19 मार्च, रात्री 9:30

काल दोन तास मास्क घासल्यावर हे ऐकून घ्यायचं! पण सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मलाही तोरणा जरा जास्तच जवळ आल्यासारखा वाटला. आत्ता त्या लेयरची ओपॅसिटी 100 वरून 65 वर आणली. पट्ट्या दिसतात आणि दरी पण जाणवते.

अंधारखोली · 19 मार्च, रात्री 10:00

65 बरी. मी असतो तर 75 ठेवली असती, सरळसोट 20 वर खूश होतील. यात बरोबर आकडा नाही.

शेवंती · 20 मार्च, सकाळी 11:40

लेव्हल्स तिन्ही रंगांत केलं. नऊवारी पुन्हा हिरवं झालं! अगदी तेच हिरवं का, ते सांगायला आता आईच उरली आहे, तिला दाखवलं तर ती म्हणाली की ते पोपटी होतं, एवढं गडद नव्हतं. मावशी म्हणते गडदच होतं. दोघींचं फोनवर चालू आहे. पण मागची भिंत थोडी निळी आली, आणि प्रिंटचा काठ पांढरा होता तो आता आकाशी दिसतो.

अंधारखोली · 20 मार्च, दुपारी 12:10

काठ पिवळा पडलेला असणार, आणि लेव्हल्सने त्याला पांढरा धरून निळा ओढला. निळ्याचा पांढरा त्रिकोण किंचित उजवीकडे परत न्या. काठावर भरवसा ठेवू नका, फोटोत कोणाचा पांढरा सदरा असेल तर त्यावर बघा. पोपटी की गडद यात मी पडत नाही.

माचीवरचा · 20 मार्च, रात्री 10:20

काका, एक शेवटचं. तोरण्याच्या पायथ्याशी, दरीच्या तळाला, एक तपकिरी-पिवळा पट्टा आहे. बाकी पडदा निळसर, हा मात्र नाही. वरचे आकडे लावले की तो आणखी तांबूस होतो, आणि त्याच्यासाठी काढलेले आकडे लावले की वरचा कडा निळा पडतो. तिथे खाली कुठेतरी वणवा पेटला होता, धूर दिसत होता. मास्क वेगळा केला तरी दोन्ही एकमेकांत विरघळलेत, कड कुठे धरायची तेच कळत नाही.

अंधारखोली · 20 मार्च, रात्री 10:55

मलाही ते नीट जमलेलं नाही. धुराचा रंग हवेच्या रंगापेक्षा वेगळा, आणि दोन पडदे एकावर एक. मी अशा ठिकाणी ब्रशऐवजी खालून वर जाणारा ग्रेडियंट लावतो आणि सॅच्युरेशन उतरवतो, राखाडी चालतं, तांबूस खटकतं. नांदेडकर, डार्कटेबलमध्ये यावर काही हात आहे का?

नांदेडहून · 21 मार्च, सकाळी 7:15

रंगावरून मास्क बनवता येतो, पिवळसर तेवढं धरायचं. पण वाळलेलं गवत पण पिवळंच, ते पण पकडलं जातं. माचीवरचा, मूळ जेपेग कुठेतरी चढवा, रविवारी बसून बघतो.

माचीवरचा · 21 मार्च, सकाळी 8:02

चढवतो. आणि रविवारी मी गडावर असेन. या वेळी सकाळी सातला माचीवर, आणि कार्डात रॉ.